क्रेडिट न मिळणारं बिल एंट्री मारण्याआधीच कसं बाजूला काढावं

GSTR-2B मध्ये बिल ‘ITC Available’ खाली दिसलं की क्रेडिट आपलंच, असं धरून चालणारे बरेच जण आहेत. पोर्टलला बिलातला नंबर, तारीख आणि राज्य कळतं. त्या पैशातून लेथसाठी टूल आलं की घरच्यांचं जेवण झालं, हे त्याला कळत नाही. म्हणून ही निवड पोर्टलवर नाही, टेबलावर कागद हातात असतानाच करायची.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एखाद्या मशीन शॉपचं महिन्याचं बिलांचं बाड घेऊ. आधी त्यातली बिलं खर्चाच्या नावावरून नाही, तर आत नेमकं काय घेतलंय ते वाचून चाळा. जेवणखाण, केटरिंग, क्लबची किंवा जिमची वर्गणी, घरची वस्तू, कुणाला दिलेली भेट, यांपैकी काही दिसलं की लाल पेननं कोपऱ्यात ‘१७(५)’ लिहा. सीजीएसटी कायद्यातलं क्रेडिट अडवणारं कलम तेच. दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटलेल्या कुंद्याचे डबे तुम्ही ‘जाहिरात’ खात्यात टाकलेत तरी ती भेटच, क्रेडिट बसत नाही. लाल पेन मला शिक्क्यापेक्षा बरं वाटतं, कारण शिक्का मारताना बिल कुणी वाचत नाही.

आता खुणेच्या बिलाचं काय करायचं? समजा, टिळकवाडीतल्या हॉटेलात गिऱ्हाइकाला जेवण दिलं. बिल ४,००० रुपये, त्यावर सीजीएसटी १०० आणि एसजीएसटी १००. एंट्री करताना इनपुटच्या लेजरला हात लावू नका. सगळे ४,२०० रुपये पाहुणचार खर्चाला टाका. रिटर्नमध्ये मात्र हे २०० रुपये गाळायचे नाहीत. ते 2B मधून GSTR-3B च्या 4(A)(5) मध्ये आपोआप येतात, तिथे ते राहू द्या आणि तेवढेच 4(B)(1) मध्ये रिव्हर्स दाखवा. २०२२ पासून हीच पद्धत आहे. 4(A) चा आकडा हातानं कमी केला, तर 2B शी मेळ बसत नाही आणि विचारणा येऊ शकते. IMS वर असलं बिल Reject करायचीही गरज नाही. बिल खरंच आहे, फक्त त्याचं क्रेडिट आपल्याला नको.

सीमाभागात यात आणखी एक गुंता असतो. तेच जेवण कोल्हापुरात झालं, तर बिलावर महाराष्ट्राचा एसजीएसटी लागतो, कारण जेवणाचा पुरवठा जिथे झाला त्या राज्याचा टॅक्स. कर्नाटकात नोंदणी असलेल्याला तो घेता येत नाही. हे बिल 2B मध्ये ‘ITC Not Available’ खाली येतं, त्यामुळे 4(A) आणि 4(B) दोन्हीत जात नाही, त्याची जागा 4(D)(2). कोल्हापुरातल्या लॉजच्या खोलीचंही तसंच. खोलीचं भाडं १७(५) मध्ये अडकत नाही, पण राज्यामुळे जातं. बंगळूरला धंद्याच्या कामासाठी राहिलात तर खोलीवर लागलेलं क्रेडिट मिळतं, मात्र त्याच बिलावर वेगळं लावलेलं जेवण लाल पेनाखाली येतं. कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं बेळगावला माल पाठवून आयजीएसटी लावला असेल, तर घाबरू नका, ते क्रेडिट नेहमीसारखं घ्या.

सगळ्यात जास्त वेळ मिश्र बिलाला द्या. समजा, इलेक्ट्रिकलच्या दुकानातून शॉपसाठी ४,००० रुपयांचे दोन पंखे आणि मालकांच्या घरी २०,००० रुपयांचं वॉशिंग मशीन एकाच बिलावर घेतलं. १८ टक्क्यांनी टॅक्स ४,३२०. यात पंख्यांचे ७२० रुपये इनपुटला जातात. मशीनचे ३,६०० अडतात आणि ते खर्चातही नाही, तर मशीनच्या किमतीसह २३,६०० रुपये मालकांच्या उचल खात्याला जातात. बिलावरच ओळीओळीनं हे लिहून ठेवा. शक्य असेल तर दुकानदाराला आधीच सांगा, घरची वस्तू आमच्या जीएसटी नंबरवर नको, साधं बिल द्या.

लाल खूण करण्याआधी एक प्रश्न विचारा: हा खर्च कायद्यानं आपल्यावर बंधनकारक आहे का? कामगारांची संख्या मोठी असल्यानं कँटीन चालवणं कारखान्याला कायद्यानंच भाग असेल, तर त्या जेवणाचं क्रेडिट अडत नाही. चार माणसांच्या ऑफिसातल्या रोजच्या डब्याला ही सवलत लागू नाही.

महिनाअखेर लाल खुणेच्या बिलांमधून कोल्हापूरसारखी ‘Not Available’ खालची बिलं वगळा आणि उरलेल्यांच्या अडलेल्या टॅक्सची बेरीज करा. १७(५) खाली 4(B)(1) मध्ये जाणारा आकडा याच्याशी जुळला पाहिजे. तो कमी आला, तर एखादं बिल इनपुटला गेलंय. ते क्रेडिट टॅक्स भरायला वापरून झालं असेल, तर रिव्हर्स करताना १८ टक्क्यांनी व्याजही भरावं लागतं.