डिझाइन इंजिनिअरचं प्रोफाइल कसं लिहायचं: टॉलरन्स एकच द्या, पण कामाचा

चाकण-भोसरीकडच्या कुठल्याही कंपनीत मेकॅनिकल डिझाइनची जागा निघाली की जे प्रोफाइल येतात त्यातले निम्मे तरी दिसायला सारखेच असतात, म्हणजे वर पाच-सहा कॅड सॉफ्टवेअरची नावं, मग "जीडी अँड टीचं उत्तम ज्ञान", मग "कॉस्ट रिडक्शनमध्ये सहभाग", संपलं. यातून काय कळतं? काहीच नाही. आणि दुसऱ्या टोकाला असे लोक असतात जे अख्खं ड्रॉइंगच प्रोफाइलमध्ये ओततात, मटेरियल ग्रेड, हार्डनेस, सरफेस फिनिश, सगळं, आणि वाचणारा तिसऱ्या ओळीवर सोडून देतो.

वाचणारे दोन जण असतात हे आधी डोक्यात ठेवा. पहिला रिक्रूटर, तो सर्चमध्ये CATIA V5 असं टाइप करतो आणि जे सापडतं ते पुढे पाठवतो, त्याला बोअर आणि बॉसमधला फरक माहीत असेलच असं नाही. दुसरा डिझाइन हेड, जो एका मिनिटात ठरवतो की या माणसाने स्वतः पार्ट काढलाय की दुसऱ्याचं मॉडेल फक्त अपडेट केलंय. त्यामुळे सॉफ्टवेअरचं नाव पहिल्यासाठी बरोबर स्पेलिंगमध्ये लिहायचं आणि त्यापुढचं वाक्य दुसऱ्यासाठी.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकू. नुसती यादी नको, आणि ते पाच स्टार काढून चार भरायचे वगैरे तर अजिबात नको. कशासाठी वापरलं ते लिहा. "कॅटिया व्ही५, चार वर्षं, कास्टिंग आणि प्लास्टिक पार्ट, सरफेसिंगसह" ही एक ओळ आणि "क्रिओ, शीट मेटल, साधारण दोनशे पार्टची असेंब्ली" ही दुसरी. टीमसेंटर किंवा विंडचिलवर रिव्हिजन सांभाळल्या असतील तर तेही टाका, लोक हे विसरतात आणि नेमकं हेच विचारलं जातं. कॉलेजात एका सेमिस्टरला शिकलेलं सॉफ्टवेअर काढून टाका.

आता खरं काम, प्रॉडक्टची ओळ. एक उदाहरण घेऊ. समजा तुम्ही छोट्या गिअरबॉक्सचं ॲल्युमिनियम कव्हर केलंय. आधी ते सॉलिड ब्लॉकमधून व्हीएमसीवर काढत होते, तुम्ही ते प्रेशर डाय कास्टिंगला नेलं आणि मशीनिंग फक्त बेअरिंग बोअर, डॉवेल होल आणि बसणाऱ्या फेसवर ठेवलं. ड्रॉइंगवर चाळीस-पन्नास डायमेन्शन असतील. प्रोफाइलमध्ये किती द्यायची? एक. जे चुकलं तर गिअरबॉक्स आवाज करेल किंवा बेअरिंग फिरेल ते. ६२०४ बेअरिंगचा बाहेरचा व्यास ४७ मिमी, त्याचं बोअर २५ मायक्रॉनच्या पट्ट्यात ठेवलंय, बस, हा एक आकडा आणि तो कशासाठी ते दोन शब्दांत.

उलट बाजूही सांगा, कुठे टॉलरन्स सैल केलात. मला तर ही जास्त हुशारीची गोष्ट वाटते. टॅप केलेल्या भोकात जाणाऱ्या एम६ बोल्टसाठी कव्हरला ६.६ मिमीचं भोक असेल आणि कव्हर जागेवर बसवायचं काम डॉवेल करत असतील, तर त्या भोकांना ०.१ पोझिशन टॉलरन्स कशाला? दोन्ही भोकांना ०.३ पर्यंत दिलं तरी बोल्ट जातो, गणित सोपं आहे, ६.६ वजा ६ भागिले २. जुन्या ड्रॉइंगवरून कॉपी होत आलेले असे घट्ट टॉलरन्स शोधून काढणाऱ्या माणसाला कॉस्ट कुठे जाते ते कळतं, हे वाचणाऱ्याला लगेच दिसतं.

मग कॉस्ट. "३५ टक्के कॉस्ट कमी केली" हे अर्धवट वाक्य आहे कारण टक्के कशाचे, किती पार्टवर, आणि डायचा खर्च धरलाय का हे त्यात नाही. आपल्या उदाहरणात आकडे घालू: आधी पार्ट ४१० रुपयांना, आता लीक टेस्ट धरून २६५ ला, म्हणजे पार्टमागे १४५ वाचले. वर्षाला १२,००० पार्ट असतील तर १७ लाख ४० हजार. डाय ६ लाखांची, म्हणजे चार-साडेचार महिन्यांत वसूल. पण हेच पार्ट वर्षाला ५०० असते तर बचत ७२,५००, डायचे पैसे निघायला आठ वर्षं, आणि तेव्हा हीच आयडिया चुकीची ठरली असती! म्हणून टक्क्यांशेजारी व्हॉल्यूम लागतोच, आणि डाय किती महिन्यांत वसूल झाली तेही.

अजून एक, पर्चेसने व्हेंडरशी घासाघीस करून कमी केलेला रेट आपल्या नावावर लावू नका. इंटरव्ह्यूत पहिला प्रश्न हाच येतो, "यातलं डिझाइनमुळे किती?" टीमने केलं असेल तर आपला भाग वेगळा सांगा, आणि बचत अजून कागदावरच असेल, पार्ट प्रॉडक्शनला लागला नसेल, तर "अंदाजित" हा शब्द लिहा.

सगळं जोडून ओळ अशी होते (प्रोफाइल तुमचं इंग्रजीतच असणार, इथे मराठीत देतोय):

"दुचाकी कंपनीच्या सप्लायरसाठी गिअरबॉक्स कव्हर, कॅटिया व्ही५. मशीन्ड ब्लॉकवरून डाय कास्टिंगवर नेलं, बेअरिंग बोअर २५ मायक्रॉनमध्ये, बोल्ट होलचे टॉलरन्स सैल केले. वर्षाला १२,००० पार्ट, पार्ट कॉस्ट ३५ टक्के कमी, डायचा खर्च पाच महिन्यांच्या आत वसूल. कन्सेप्ट, ड्रॉइंग आणि टॉलरन्स स्टॅक-अप माझं."

बघा, रुपये नाहीत, कस्टमरचं नाव नाही. ते मुद्दाम. पार्टचा रेट आणि कस्टमरचं ड्रॉइंग ही कंपनीची गोपनीय माहिती असते, एनडीए असो नसो, आणि तुम्ही जुन्या कंपनीचा स्क्रीनशॉट पोर्टफोलिओत टाकलात तर समोरचा हाच विचार करतो की उद्या हा आमचंही टाकेल. चित्र दाखवायचंच असेल तर घरी स्वतः एखादा वेगळा पार्ट मॉडेल करा, बाजारात मिळणारा वॉटर पंप उघडून मोजून केला तरी चालतो.

असे तीन प्रॉडक्ट पुरेत, जास्तीत जास्त चार, आणि शक्यतो वेगवेगळ्या प्रोसेसचे, एक कास्टिंग, एक शीट मेटल, एक प्लास्टिक. बाकीच्यांची नुसती नावं एका ओळीत.

आणि जो आकडा लिहाल त्याच्या पुढचा प्रश्न तयार ठेवा. २५ मायक्रॉन लिहिलंत की कोणीतरी विचारणारच, फिट एच७ दिला की के७, आणि का? ॲल्युमिनियम स्टीलच्या जवळपास दुप्पट फुगतं, ४७ मिमीच्या बोअरला ६० अंश तापमान वाढलं तर बेअरिंगपेक्षा ते साधारण ३० मायक्रॉन जास्त मोठं होतं, म्हणजे तुमचा अख्खा टॉलरन्स पट्टा त्यातच गेला, थंड असताना बरोबर बसलेलं बेअरिंग गरम झाल्यावर हाउसिंगमध्ये फिरू शकतं. याचं उत्तर देता येत नसेल तर तो आकडा प्रोफाइलमधून काढा आणि ज्याचं देता येतं तो ठेवा. स्टॅक-अपची शीट, फिट का निवडला, कास्टिंगमध्ये पोरोसिटी आली तेव्हा काय केलं, हे सगळं प्रत्येक प्रॉडक्टसाठी वेगळ्या एका पानावर लिहून स्वतःजवळ ठेवायचं, ते पाठवायचं नाही, इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री वाचायचं.