√2 अपरिमेय आहे: सिद्धता लिहिताना या चुका टाळा

नववीत पाहिलेली ही सिद्धता एफवायच्या पहिल्या सत्रात पुन्हा भेटते, आणि रत्नागिरी असो की सावंतवाडी, मुलं ती पाठ म्हणून दाखवतात. सात-आठ ओळींचा मामला. पेपर तपासायला घेतले की मात्र निम्म्या वह्यांत एकाच ओळीपाशी लाल पेन थांबतं. आधी ती सिद्धता जशी असायला हवी तशी समोर ठेवू.

समजा √2 परिमेय आहे. मग √2 = p/q असे धन पूर्णांक p आणि q मिळतात, आणि अपूर्णांक अतिसंक्षिप्त रूपात घेता येतो, म्हणजे p आणि q यांना 1 शिवाय सामाईक विभाजक नाही. दोन्ही बाजूंचा वर्ग करून p² = 2q². म्हणून p² सम आहे, म्हणून p सम आहे. p = 2k लिहू. 4k² = 2q², म्हणजे q² = 2k². म्हणून q² सम, म्हणून q सम. p आणि q दोन्ही सम असतील तर 2 हा त्यांचा सामाईक विभाजक झाला, आणि तो तर नव्हता. ही विसंगती. म्हणून √2 अपरिमेय आहे.

लाल पेन थांबतं ती ओळ म्हणजे “p² सम आहे, म्हणून p सम आहे.” का? असं वहीत विचारलं की बहुतेक जण लिहितात: “कारण सम संख्येचा वर्ग सम असतो. उदा. 4² = 16, 6² = 36.” वाक्य खरं आहे, उदाहरणंही खरी आहेत, पण सिद्ध झालं ते भलतंच. “p सम असेल तर p² सम” हे विधान वेगळं आणि “p² सम असेल तर p सम” हा त्याचा व्यत्यास वेगळा. आपल्याला हवा आहे व्यत्यास. पायथागोरसचं प्रमेय आणि त्याचा व्यत्यास शाळेत दोन स्वतंत्र प्रमेयं म्हणून शिकवतात, ते उगाच नाही. एक खरं असलं म्हणून दुसरं आपोआप खरं होत नाही.

व्यत्यास सिद्ध करायला काँट्रापॉझिटिव्हची वाट सोपी पडते. p सम नाही असं धरायचं आणि p² सम नाही हे दाखवायचं. p विषम असेल तर p = 2m + 1. मग

p² = 4m² + 4m + 1 = 2(2m² + 2m) + 1

आणि ही संख्या विषम आहे. म्हणून p² सम असेल तर p विषम असूच शकत नाही. एवढी दोन वाक्यं मुख्य सिद्धतेच्या आधी स्वतंत्र उपप्रमेय म्हणून लिहून ठेवा. ती मध्येच कोंबली की वाचणाऱ्याला कळत नाही कुठली विसंगती कुठल्या गृहीताची, कारण एका अप्रत्यक्ष सिद्धतेच्या पोटात दुसरी शिरते.

“पण सर, हे तर उघडच आहे!” असं कोणीतरी म्हणतंच. उघड आहे की नाही हे तपासायची एक युक्ती आहे, आणि ती मी प्रत्येक बॅचला करायला लावतो. आपली लिहिलेली सिद्धता घ्या, 2 च्या जागी सगळीकडे 4 टाका आणि पुन्हा वाचा.

समजा √4 = p/q, अतिसंक्षिप्त रूपात. p² = 4q². म्हणून p² ला 4 ने भाग जातो, म्हणून p ला 4 ने भाग जातो. p = 4k. 16k² = 4q², म्हणजे q² = 4k². म्हणून q² ला 4 ने भाग जातो, म्हणून q लाही. दोघांनाही 4 ने भाग जातो, ही विसंगती. म्हणून √4 अपरिमेय आहे.

झालं, 2 ही संख्या अपरिमेय ठरली! बीजगणितात कुठेही चूक नाही, मांडणीही अगदी तशीच. बिघाड एकाच ठिकाणी आहे: p² ला 4 ने भाग गेला म्हणून p ला जाईलच असं नाही. p = 6 घ्या. 36 ला 4 ने भाग जातो, 6 ला जात नाही. म्हणजे जी ओळ उघड वाटत होती तिच्यावरच सगळा डोलारा उभा होता. तुमच्या वहीतल्या सिद्धतेत 4 टाकल्यावर एकही ओळ अडली नाही, तर √2 ची सिद्धता अपुरी आहे असं खुशाल समजा. वर विषम संख्येचं उपप्रमेय लिहिलं असेल तर 4 टाकताच गाडी तिथेच अडते, कारण 4 ने भाग न जाणाऱ्या संख्येत बाकी 1, 2 किंवा 3 असू शकते, आणि बाकी 2 असताना वर्गाला 4 ने भाग जातो.

हेच √3 ला लागू पडतं. तिथे “सम” हा शब्द तसाच उतरवून काढणारे पुष्कळ भेटतात: “p² = 3q², म्हणून p² विषम”. याला काहीच आधार नाही, q सम असला की 3q² समच होतो. √3 साठी सम-विषम विसरायचं आणि 3 ने भागल्यावरच्या बाक्या बघायच्या. p = 3m + 1 असेल तर p² = 3(3m² + 2m) + 1, आणि p = 3m + 2 असेल तर p² = 3(3m² + 4m + 1) + 1. दोन्हीकडे बाकी 1. म्हणून p² ला 3 ने भाग जात असेल तर p लाही जातो, आणि पुढची वाट मोकळी.

√12 जरा फसवं आहे. ती संख्या अपरिमेय आहे, पण 12 सरळ टाकलेली सिद्धता चुकीचीच: 36 ला 12 ने भाग जातो, 6 ला जात नाही. उत्तर बरोबर आलं म्हणून सिद्धता बरोबर ठरत नाही. इथे 12 ऐवजी 3 धरा. p² = 12q² वरून p² ला 3 ने भाग जातो, म्हणून p = 3k. मग 9k² = 12q², म्हणजे 3k² = 4q². आता 4q² = 3q² + q² असं फोडलं की q² = 3k² − 3q², म्हणजे q² लाही 3 ने भाग जातो, म्हणून q लाही. 12 मधला 3 हा मूळ अवयव एकदाच येतो, म्हणून हे जमलं. 2 हा दोनदा येतो, त्याला धरून सुरुवात केली असती तर लगेच काही हाती लागलं नसतं.

दुसरी चूक शेवटच्या ओळीची. “p आणि q दोन्ही सम आले, म्हणून विसंगती.” विसंगती कशाशी? 6/4 मध्येही दोन्ही सम आहेत आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. सुरुवातीला “अतिसंक्षिप्त रूप” लिहिलं नसेल तर शेवटी टक्कर द्यायला काही उरतच नाही. तरी सवयीने “विसंगती” हा शब्द लिहिला जातो, कारण पाठ केलेल्या सिद्धतेत तो त्या जागी होता. विसंगती लिहिताना कोणती दोन विधानं एकमेकांना छेद देतात ती दोन्ही लिहा.

यात एक बारीक गोम आहे, हुशार मुलंच ती विचारतात. “आपण दोन गोष्टी मानल्या, √2 परिमेय आहे आणि p/q अतिसंक्षिप्त आहे. विसंगती आली तर चूक दुसऱ्या गोष्टीचीही असू शकेल की?” प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की दुसरी गोष्ट आपण मानलेली नाही, ती मिळवलेली आहे. कोणताही धन अपूर्णांक घ्या, सामाईक विभाजकाने अंश-छेद भागत जा. दर वेळी छेद लहान होतो आणि धन पूर्णांक कायम लहान होत राहू शकत नाही, म्हणून ही भागाभागी थांबते. म्हणजे √2 परिमेय असेल तर त्याला अतिसंक्षिप्त रूप असतंच. म्हणून “समजा p/q अतिसंक्षिप्त आहे” न लिहिता “अतिसंक्षिप्त रूप घेऊ” असं लिहा. मानलेली गोष्ट एकच राहते, आणि नकारही तिलाच मिळतो.

किरकोळात एवढंच: p = 2k लिहिल्यावर q साठी पुन्हा k वापरू नका. p = 2k आणि q = 2k लिहिलं तर नकळत p = q म्हटल्यासारखं होतं. अक्षरांचा तुटवडा नाही.

आता वेगळ्याच जातीची चूक, जिच्यात सिद्धताच नसते. “√2 = 1.41421356… हे दशांश रूप संपत नाही आणि त्यात आवर्तन नाही, म्हणून अपरिमेय.” कॅल्क्युलेटरच्या दहा अंकांवरून पुढे आवर्तन येणार नाही हे कळलं कसं? ते कळतं √2 अपरिमेय आहे म्हणूनच. जे सिद्ध करायचं तेच आधाराला घेतलं.

याचीच दुसरी बाजू मोजमापवाल्यांची. आमच्याकडे चिऱ्याच्या घराचा पाया आखताना काटकोन जुळलाय का हे बघायला गवंडी कर्ण मोजतात, त्यामुळे वर्गात हमखास एखादा म्हणतो, “सर, पण टेपार तर बरोबर १४१.४ येता मां?” १ मीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण टेपवर १४१.४ सेंटिमीटर दिसतो, हे खरंच आहे. टेप मिलिमीटरपर्यंतच बोलते. मोजून काढलेली कोणतीही लांबी परिमेयच लिहिली जाणार, त्यामुळे मोजमाप इथे ना बाजूने साक्ष देतं ना विरुद्ध. हातातला A4 कागद घ्या: २९७ आणि २१० मिलिमीटर. 297/210 म्हणजे 99/70, आणि 99² = 9801, तर 2 × 70² = 9800. चुकलं ते फक्त 1 ने.

बौधायनाच्या शुल्बसूत्रात कर्णासाठी दिलेली रीतही अशीच आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्या भागाचा चौथा भाग मिळवा, आणि या चौथ्या भागाचा चौतिसावा भाग वजा करा. 1 + 1/3 + 1/12 − 1/408 = 577/408. पुन्हा 577² = 332929 आणि 2 × 408² = 332928. वेदी बांधायला याहून जास्त काय हवं! पण p² = 2q² या समीकरणात एकचा फरकही फरकच.

कोणाला अजूनही कॅल्क्युलेटरचाच भरवसा वाटत असेल तर त्याला 665857/470832 करून बघायला सांगा. दहा अंकी पडद्यावर 1.414213562 येईल, आणि √2 चं बटण दाबलं तरी तेच. पडद्यावरून दोघांत फरक करता येत नाही. अंशाचा शेवटचा अंक मात्र 7 आहे. अंश विषम, म्हणून त्याचा वर्ग विषम, आणि 2 × 470832² तर सम. दोन्ही बाजू सारख्या नाहीत हे गुणाकार न करताच कळलं, आणि त्यासाठी लागलं फक्त ते वरचं दोन वाक्यांचं उपप्रमेय.