सोफ्याचा फोटो पट्टीने मोजा

10 फूट रुंद हॉलमध्ये सोफ्याची लांबी सहसा बसते, अडचण त्याच्या खोलीची, म्हणजे पुढून मागपर्यंतच्या मापाची होते. जाहिरातीतला हॉल रुंद लेन्सने टिपलेला किंवा संगणकावर बनवलेला असतो, त्यामुळे शेजारच्या कुंडीवरून अंदाज बांधू नका. अगदी बाजूने घेतलेला फोटो शोधा. तिरक्या फोटोत खोली आखडून दिसते. स्क्रीनवर पट्टी लावा. समजा, सोफ्याची एकूण खोली 90 सेंमी दिली आहे आणि फोटोत ती 9 सेंमी भरते. बैठकीच्या पुढच्या कडेपासून पाठीच्या उशीपर्यंत 6 सेंमी भरले, तर प्रत्यक्षात बैठक 60 सेंमी. सव्वापाच फूट उंचीच्या माणसाला 50 ते 54 पुरते. 60 वर पाठ टेकली की पाय अधांतरी राहतात. काही विक्रेते उशी काढून माप देतात, म्हणून हे मोजणं आवश्यकच. दुसरा सोफा 80 सेंमी खोल, बैठक 53 असेल, तर तोच घ्या: चालायला 10 सेंमी वाचतात.

कापडासाठी ग्राहकांनी टाकलेले फोटो मोठे करून पाहा. बैठकीच्या पुढच्या कडेवर शिवण ताणून टाक्यांची भोकं दिसत असतील किंवा बसण्याच्या जागी गोळे आले असतील, तर तो सोडा.