पुढच्या महिन्याचा खर्च सरकत्या सरासरीने कसा काढावा

बेळगावात शहापूरला राहणाऱ्या चौघांच्या घराचा हिशेब घेऊ. आधी भाडे आणि कर्जाचा हप्ता बाजूला काढा, ते ठरलेलेच असतात. शाळेची फी, गणपती, विम्याचा हप्ता हे वर्षाचे मोठे खर्चही वेगळे ठेवा. उरतो तो चालू खर्च: किराणा, भाजी, दूध, गॅस, पेट्रोल, हेस्कॉमचे विजेचे बिल, औषधे. सरासरी काढायची ती फक्त याची.

जानेवारी १८,३००, फेब्रुवारी १७,४००, मार्च १८,९००, एप्रिल १९,५००, मे २१,०००, जून १८,९००.

पहिल्या तीन महिन्यांची सरासरी १८,२००, हा एप्रिलचा अंदाज. मग जानेवारी सोडा आणि एप्रिल घ्या. मेचा अंदाज १८,६०० येतो, जूनचा १९,८००. शीटमध्ये खर्च B2 पासून खाली लिहिला असेल, तर एप्रिलच्या ओळीत हे टाकून खाली ओढा:

```
C5: =AVERAGE(B2:B4)
D5: =B5-C5
```

जुलैचा अंदाज C8 मध्ये येईल: १९,८००.

खरे काम D स्तंभाचे. तिथे अंदाज किती चुकला ते दिसते: एप्रिलला १,३०० कमी पडले, मेमध्ये लग्नसराई आणि पाहुण्यांमुळे २,४०० कमी पडले, जूनला ९०० उरले. राखीव रक्कम यातूनच ठरवायची. सरसकट दहा टक्के धरण्यापेक्षा मला हे बरे वाटते, कारण हा आकडा त्याच घराच्या सवयीतून आलेला असतो. नोंदी थोड्या असताना सर्वांत मोठी तूट धरावी, म्हणजे २,४००. जुलैच्या चालू खर्चाला २२,२०० बाजूला काढा. वर्षभराच्या नोंदी साठल्या की एखादी अगदीच विचित्र तूट, समजा घरातले कोणी दवाखान्यात असतानाची, वगळून तिच्या खालची धरली तरी चालेल.

सरासरी नेहमी मागून चालते. D मध्ये सलग तीन-चार महिने तूटच दिसली, तर महागाई अंदाजाच्या पुढे गेली आहे असे समजा आणि त्या तुटींची सरासरी पुढच्या अंदाजात मिळवा. उलट मेसारखा एखादा फुगलेला महिना जून, जुलै, ऑगस्ट अशा तिन्ही अंदाजांना वर ओढतो. हे खुपत असेल तर सहा महिन्यांची सरासरी घ्या. ती शांत असते, पण भाव वाढल्याचे तिला उशिरा कळते.

गणपतीचा खर्च मागच्या वर्षीच्या त्याच महिन्यावरून ठरवू नका. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठामुळे ती १४ सप्टेंबरला. त्या खर्चाला वर्षाकाठी १२,००० लागत असतील, तर दरमहा १,००० वेगळ्या खात्यात टाका. जूनमधले उरलेले ९०० तिथेच जाऊ द्या.