बैठकीच्या टिपणातून कामांचा तक्ता कसा काढावा

बैठकीत घाईने लिहिलेला परिच्छेद समोर आहे आणि त्यातून कोणते काम, कोणाचे, कधीपर्यंत हे सांगणारा तक्ता काढायचा आहे. यावर सर्रास मिळणारा सल्ला असा असतो की टिपण वाचावे, नावे अधोरेखित करावीत, तारखांना गोल करावा आणि सगळे रकान्यांत उतरवावे. हा सल्ला मी बरीच वर्षे पाळला आणि त्याने माझे नुकसानच झाले, कारण टिपणात जे नाव दिसते ते काम करणाऱ्याचे असतेच असे नाही आणि जी तारीख दिसते ती बहुतेक वेळा तारीख नसते.

पुढचे सगळे एका नमुन्यावरून सांगतो. मंगळवार, १० जून २०२५ रोजी एका वार्षिक अहवालासंबंधी बैठक झाली आणि तिचे टिपण असे आहे, असे धरू:

"मसुद्यावर चर्चा झाली. आकडेवारीचा भाग अजून कच्चा आहे. सुहास पुढच्या शुक्रवारपर्यंत देतो म्हणाला. मुखपृष्ठ बदलायचे ठरले. छपाईचे दर दोन-तीन ठिकाणांहून मागवावेत, मीनल आणि अजय बघतील. दर आले की आठवडाभरात ऑर्डर द्यायची. छायाचित्रांच्या परवानग्यांचे बघायला हवे. मागच्या वेळी गोंधळ झाला होता. प्रस्तावना नको असे ठरले. संकेतस्थळावर पण टाकायचे, रोहिणीशी बोलून घ्यावे. महिनाअखेर सगळे हातात हवे."

पहिली पायरी: तुकडे पाडणे. प्रत्येक स्वतंत्र विधान वेगळ्या ओळीवर घ्यावे, त्याला क्रमांक द्यावा आणि पुढे काम, निर्णय, माहिती किंवा मर्यादा यांपैकी एक शब्द लिहावा. वरच्या टिपणात ११ तुकडे पडतात: ६ कामे, ३ माहितीचे तुकडे (चर्चा झाली, भाग कच्चा आहे, गोंधळ झाला होता), १ निर्णय (प्रस्तावना नको) आणि १ मर्यादा (महिनाअखेर). बेरीज जुळली की काही गळले नाही याची खात्री होते. निर्णय तक्त्यात घालू नये, तो तक्त्याच्या वर एका ओळीत लिहावा. प्रस्तावना मसुद्यात आधीच छापलेली असेल तर मात्र ती काढणे हे सातवे काम ठरते, म्हणून मसुदा उघडून एकदा पाहावे.

दुसरी पायरी: कामाचे शब्द नीट करणे. "बघणे", "लक्ष घालणे", "पाठपुरावा करणे" ही क्रियापदे तक्त्यात येऊ देऊ नयेत, कारण ती कधी पूर्ण झाली हे कोणालाच सांगता येत नाही. "परवानग्यांचे बघणे" याऐवजी "ज्या छायाचित्रांची लेखी परवानगी नाही त्यांची यादी करून परवानग्या मिळवणे" असे लिहावे.

तिसरी पायरी: जबाबदार व्यक्ती. खरी कसोटी इथे आहे आणि मी इथेच वारंवार चुकलो आहे.

आपण मराठीत टिपण लिहितो तेव्हा कर्ता सहज गाळतो. "बदलायचे ठरले", "मागवावेत", "बघायला हवे", "पाहिले जाईल", "टाकायचे" या सगळ्या रचना व्याकरणाने निर्दोष आहेत, वाचताना कुठेही अडखळायला होत नाही आणि एकीतही काम कोण करणार हे सांगितलेले नाही. बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला त्या क्षणी वाटते की ते दुसऱ्या कोणाबद्दल चालले आहे. टिपण लिहिणाऱ्यालाही तेव्हा काही खटकत नाही, कारण वाक्य पूर्ण झालेले असते. उणीव उघडी पडते ती तक्ता करायला बसल्यावर, रकाना रिकामा दिसल्यावर, आणि तेव्हा तो भरून टाकण्याचा मोह फार मोठा असतो.

मी तो मोह एकदा आवरला नाही. छायाचित्रांच्या परवानग्यांच्या ओळीपुढे जे त्या विषयावर सर्वांत जास्त वेळ बोलले त्यांचे नाव मी लिहिले, कारण ते मला स्वाभाविक वाटले. त्यांनी तक्ता वाचला नाही, किंवा वाचून त्यांना ते आपले काम वाटले नाही. बाकीच्यांनी मात्र तो वाचला, पुढे नाव पाहिले आणि काम मार्गी लागले असे समजून तो विषय डोक्यातून काढून टाकला. छपाईच्या आदल्या आठवड्यात कळले की एकही परवानगी मागितलेली नाही आणि चार पाने बदलावी लागली. रकाना रिकामा राहिला असता तर कोणीतरी विचारले असते. चुकीच्या नावाने तो प्रश्नच मिटवून टाकला. म्हणून माझे मत ठाम आहे: अंदाजाने लिहिलेले नाव हे रिकाम्या रकान्यापेक्षा अधिक घातक असते.

आता मी प्रत्येक कामाचे वाक्य प्रथमपुरुषी, कर्तरी रूपात फिरवून पाहतो. "मी मुखपृष्ठ बदलीन." "मी दर मागवीन." मग स्वतःला विचारतो की हे वाक्य बैठकीत कोणी स्वतःच्या तोंडाने म्हणाले होते का, किंवा कोणाला सरळ सांगितल्यावर त्याने होकार दिला होता का. नमुन्यातल्या सहा कामांपैकी एकच काम या चाचणीत उतरते: सुहास "देतो म्हणाला". बाकीच्या पाचांना धनी नाही.

दोन ठिकाणी नाव असूनही धनी नाही, आणि हेच सापळे सर्वांत फसवे आहेत. "रोहिणीशी बोलून घ्यावे" या वाक्यातली रोहिणी ही काम करणारी नाही. तिच्याशी कोणीतरी बोलायचे आहे आणि तो कोणीतरी अज्ञात आहे. ती बैठकीला नसेल तर तिला या कामाचा पत्ताही नसेल. अधोरेखनाची पद्धत तिचे नाव थेट जबाबदारीच्या रकान्यात नेऊन ठेवते. नावाला "शी", "ला", "कडून" किंवा "ला विचारून" लागले असेल तर तिथे थांबून पुन्हा वाचावे, कारण तो बहुधा कर्ता नसतो. "सुहासने द्यावे" आणि "सुहासला द्यावे" यांत एका प्रत्ययाचा फरक आहे आणि घाईच्या टिपणात तो प्रत्ययच अनेकदा पुसट लिहिलेला असतो.

दुसरे ठिकाण म्हणजे "मीनल आणि अजय बघतील". दोघांची नावे एका रकान्यात लिहिली की दोघेही एकमेकांची वाट पाहतात. रकान्यात एकच नाव असावे, दुसरे हवे तर कामाच्या वर्णनात "अजयच्या मदतीने" असे जावे. पण त्या दोघांपैकी कोणाचे नाव लिहायचे हे तक्ता करणाऱ्याने ठरवू नये, त्यांनाच विचारावे.

चौथी पायरी: मुदत. अंतिम तक्त्यात मुदतीच्या रकान्यात दिनांकाखेरीज काहीही नको. तक्ता संगणकावर असेल तर `2025-06-13` असे वर्षापासून लिहावे, म्हणजे संगणकाने तो मजकूर म्हणून घेतला तरी क्रम बरोबर लागतो.

१० जूनच्या मंगळवारी उच्चारलेला "पुढचा शुक्रवार" काही जणांच्या लेखी १३ जून असतो आणि काहींच्या लेखी २० जून. दोन्ही अर्थ रूढ आहेत, त्यामुळे सुहासला विचारल्याशिवाय इलाज नाही. "परवा" त्याहून वाईट, कारण तो शब्द मागच्या आणि पुढच्या अशा दोन्ही दिवसांसाठी चालतो. नुसते "परवा पत्र" असे लिहिले असेल तर पत्र गेले की जायचे आहे हेही सांगता येत नाही. टिपणाच्या डोक्यावर बैठकीचा दिनांक नसेल तर असे सगळेच शब्द निरुपयोगी होतात.

"दर आले की आठवडाभरात" ही सशर्त मुदत आहे. ती ज्या कामावर टांगलेली आहे त्याला स्वतःची तारीख नसेल तर दोन्ही कामे अधांतरी राहतात, आणि नमुन्यात नेमके तसेच झाले आहे. "महिनाअखेर" ही तारीख कोणत्याही कामापुढे लिहू नये. ३० जूनला सगळे हातात हवे असेल तर छपाईला किती दिवस लागतात ते छापखान्याला विचारून तिथून मागे मोजत यावे.

इतके झाल्यावर पहिला तक्ता असा दिसतो:

| क्र. | काम | जबाबदार | मुदत |
|---|---|---|---|
| १ | आकडेवारीचा भाग पूर्ण करून देणे | सुहास | १३ की २० जून? |
| २ | मुखपृष्ठाचा नवा नमुना तयार करणे | ? | ? |
| ३ | छपाईचे दर किमान दोन ठिकाणांहून मागवणे | मीनल की अजय? | ? |
| ४ | छपाईची ऑर्डर देणे | ? | क्र. ३ नंतर ७ दिवसांत |
| ५ | छायाचित्रांच्या राहिलेल्या परवानग्या मिळवणे | ? | ? |
| ६ | रोहिणीशी बोलून अहवाल संकेतस्थळावर टाकणे | ? | ? |

प्रश्नचिन्हांनी भरलेला हा तक्ता पाहून अवघडल्यासारखे होते, पण बैठकीत जेवढे ठरले तेवढेच त्यात आहे.

पाचवी पायरी: विचारणे. हे त्याच दिवशी करावे, कारण दोन दिवसांनी प्रत्येकाची आठवण वेगळी होते. सर्वांना मिळून "कृपया तक्ता पाहून कळवावे" असे लिहिल्यास कोणी काही कळवत नाही आणि त्या शांततेला होकार समजणे ही मीच केलेली जुनी चूक आहे. एका माणसाला एकच प्रश्न, आणि तोही होय-नाही किंवा एका तारखेत उत्तर देता येईल असा विचारावा. "मीनल, १६ जूनपर्यंत दर मागवून घेण्याच्या कामापुढे तुमचे नाव लिहू का?" हा प्रश्न चालतो. "दरांचे काय झाले?" हा चालत नाही.

समजा, मीनलने १६ जून मान्य केली. मग क्र. ४ ची सशर्त मुदत आपोआप २३ जून होते, आणि छापखान्याला छपाईसाठी दहा दिवस लागत असतील तर ३० जून हुकणार हे ११ जूनलाच दिसते. अशा वेळी तारीख तक्त्यात गुपचूप पुढेमागे सरकवू नये. बैठक बोलावणाऱ्याला सांगून दर आधी मागवायचे की महिनाअखेरची अट सोडायची हे त्यांच्याकडून ठरवून घ्यावे.

विचारूनही ज्या ओळीला नाव मिळत नाही, ती ओळ "ठरायचे आहे" असे लिहून तक्त्यात सर्वांत वर न्यावी, खाली ढकलू नये. तक्ता पाठवताना पत्राच्या पहिल्याच वाक्यात तिचा उल्लेख करावा: "क्र. ५ ला अद्याप जबाबदार व्यक्ती नाही आणि १३ जूनपर्यंत नाव न ठरल्यास परवानगी नसलेली छायाचित्रे मसुद्यातून काढावी लागतील."