लोणार सरोवर किती हेक्टर? पिक्सेल मोजताना माझं कुठे चुकलं

भूगोलात एमएस्सी करताना मला पहिला प्रकल्प मिळाला तो लोणारचा: उपग्रहचित्रावरून सरोवराचं क्षेत्रफळ काढायचं. दोन दिवसांत होईल असं वाटलं होतं, तीन आठवडे गेले. मोजणीला त्यातला जेमतेम एक तास लागला. बाकीचा सगळा वेळ दोन प्रश्नांनी खाल्ला. एक पिक्सेल जमिनीवर खरोखर केवढा? आणि तो पाण्याचा आहे का?

सुरुवात मी अगदी साध्या पद्धतीने केली. नकाशाच्या संकेतस्थळावर लोणार उघडलं, कोपऱ्यातल्या मोजपट्टीसकट स्क्रीनशॉट घेतला आणि तो इमेजजे या मोफत प्रोग्रॅममध्ये टाकला. 500 मीटरची पट्टी 111 पिक्सेल लांब भरली, म्हणजे एका पिक्सेलची बाजू साधारण 4.5 मीटर. सरोवराच्या काठाने रेघ फिरवल्यावर आत 55,800 पिक्सेल निघाले. मी थेट 4.5 ने गुणलं आणि उत्तर आलं पंचवीस हेक्टर. अर्थात चूक. पिक्सेल चौकोनी असतो, त्यामुळे बाजूचा वर्ग करून गुणायचं. एक पिक्सेल सुमारे 20.3 चौरस मीटरचा, आणि सरोवर 113 हेक्टरचं.

या पद्धतीत पट्टी मोजताना हात हलला तर काय होतं, तेही सांगतो. 111 च्या जागी 112 मोजले तर लांबीत एक टक्क्याची चूक, पण वर्गामुळे क्षेत्रफळात ती जवळजवळ दुप्पट होते. म्हणून जमेल तितकी लांब पट्टी मोजा. आणि स्क्रीनशॉट घेतल्यावर तो लहानमोठा करू नका. केलाच तर पट्टीसकट करा.

मग खरं उपग्रहचित्र घ्यायचं ठरवलं. सेंटिनेल-2 या युरोपीय उपग्रहांची चित्रं कोपर्निकस ब्राउझर या संकेतस्थळावरून फुकट मिळतात आणि त्यातल्या काही पट्ट्यांचा (म्हणजे बँडचा) पिक्सेल 10 मीटर बाजूचा असतो. 10 गुणिले 10, म्हणजे 100 चौरस मीटर, म्हणजे बरोबर एक आर. सातबाऱ्यावर हेक्टरच्या पुढे लिहितात तोच आर. गुंठा त्याहून किंचित मोठा, 101 चौरस मीटरचा. त्यामुळे आमच्या वर्गात पिक्सेलला सर्रास गुंठाच म्हणायचे, आणि चाळीस पिक्सेल म्हणजे एक एकर हा हिशेब तोंडी व्हायचा.

चित्र उतरवलं, क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत प्रोग्रॅममध्ये पाणी वेगळं केलं, पिक्सेल मोजले. उत्तर आलं 128 हेक्टर. आधीच्या उत्तरापेक्षा पंधरा हेक्टर जास्त! मी खूश झालो, कारण खऱ्या चित्रावरचं उत्तर जास्त अचूक असणार असं गृहीत धरलं. सरांनी आकडा पाहिला आणि एवढंच विचारलं, "सरोवर किती रुंद आहे रे?"

लोणार जवळजवळ गोल आहे, हीच त्यातली सोय. क्यूजीआयएसच्या मोजपट्टीने व्यास मोजला, सुमारे 1.2 किलोमीटर आला. त्रिज्या 600 मीटर, वर्तुळाचं क्षेत्रफळ 113 हेक्टर. मग पिक्सेलमधून 128 कुठून येतात?

घोळ प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर उतरवण्याच्या पद्धतीचा होता. मी चित्र EPSG:3857 मध्ये उतरवलं होतं, म्हणजे वेबवरचे बहुतेक नकाशे वापरतात त्या मर्केटर प्रक्षेपणात. त्यातला मीटर विषुववृत्तावर खरा असतो. उत्तरेला जावं तसा नकाशा ताणला जातो. लोणार विसाव्या अक्षांशाच्या किंचित खाली आहे. तिथे लांबी साधारण सहा टक्के फुगते आणि क्षेत्रफळ तेरा टक्के. कागदोपत्री 10 मीटरचा पिक्सेल जमिनीवर 9.4 मीटरचाच होता. दिल्लीचा तलाव असता तर फुगवटा तीस टक्क्यांच्या घरात गेला असता. मोजपट्टीचं हत्यार पृथ्वीचा गोलवा धरून मोजत होतं म्हणून व्यास बरोबर आला. पिक्सेलची मोजदाद मात्र फाइलीत लिहिलेल्या मीटरवर विसंबून होती. स्क्रीनशॉट का वाचला? त्यातली पट्टीच त्या जागेच्या अक्षांशानुसार काढलेली होती.

उपाय सोपा. चित्र यूटीएममध्ये, म्हणजे पृथ्वीच्या प्रत्येक अरुंद उभ्या पट्ट्यासाठी वेगळं असलेल्या प्रक्षेपणात घ्या. लोणारसाठी EPSG:32643, 78 रेखांशाच्या पूर्वेला, म्हणजे नागपूरकडे, EPSG:32644. सेंटिनेलची मूळ चित्रं यूटीएममध्येच असतात, उतरवताना मीच ती बदलून घेतली होती. चित्र पुन्हा घेतल्यावर उत्तर 113 च्या आसपास आलं.

आता दुसरा प्रश्न. रंगावरून पाणी निवडायचा मोह लोणारला तरी आवरा. शैवालामुळे पाणी बहुतेक वेळ हिरवं, भोवती झाडीही हिरवी. जून 2020 मध्ये तर खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झालं होतं. त्यापेक्षा पाणी निकट-अवरक्त प्रकाश शोषतं आणि पानं तो परत फेकतात, या फरकाचा आधार घ्यायचा. B03 हा हिरव्या प्रकाशाचा बँड, B08 निकट-अवरक्ताचा. क्यूजीआयएसच्या रास्टर कॅल्क्युलेटरमध्ये:

```
(("B03@1" - "B08@1") / ("B03@1" + "B08@1")) > 0
```

उत्तर 1 म्हणजे पाणी, 0 म्हणजे जमीन. सरोवराभोवती ढोबळ बहुभुज काढून तेवढाच भाग कापून घ्या, नाहीतर आसपासची डबकी आणि सावल्याही मोजल्या जातील. मग Raster layer unique values report हे साधन चालवलं की एकांची संख्या मिळते.

एका तारखेच्या चित्रात मात्र मला सरोवराच्या आतच जमिनीचे ठिपके दिसले. पाण्यावर शैवाल दाट झालं की तेही पानांसारखंच निकट-अवरक्त प्रकाश परत फेकतं आणि सूत्र फसतं. तिथे B08 च्या जागी B11 वापरला, कारण त्या लांब तरंगलांबीचा प्रकाश वरच्या पातळ थरातलं पाणीही शोषून घेतं. पण B11 चा पिक्सेल 20 मीटरचा, म्हणजे चार आरांचा. संख्येला कशाने गुणायचं ते दर वेळी थराच्या गुणधर्मांत पाहून ठरवा.

काठावरचे पिक्सेल अर्धे पाण्यात, अर्धे चिखलात असतात. लोणारच्या 11,300 पिक्सेलांपैकी असे साधारण 480, चार टक्के. ते सगळे एकाच बाजूला मोजले गेले तरी चूक दोन टक्क्यांच्या आसपासच राहते. गावाजवळच्या 60 मीटर बाजूच्या शेततळ्यात मात्र एकूण छत्तीस पिक्सेल आणि त्यातले वीस काठाचे. तिथे या चित्रावरून क्षेत्रफळ सांगायला जाऊ नका, फीत घेऊन जा.

पुराचं गणित वेगळं, कारण पूर असतो तेव्हा वर ढग असतात. ऑगस्ट 2019 च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरासारख्या वेळी ढगांपार पाहणारं सेंटिनेल-1 चं रडार कामी येतं. शांत पाणी त्यात काळं दिसतं. पूरक्षेत्र हवं असेल तर पुराआधीच्या चित्रातलं नदीचं नेहमीचं पात्र वजा करायचं. शिवाय पंचगंगेकाठी उंच ऊस पाण्यात उभा असतो. त्याच्या खालचं पाणी रडारला काळं दिसत नाही, त्यामुळे तुमचा आकडा कमीच येईल. अहवालात तो 'किमान इतके हेक्टर' असाच लिहा.