दाखल्यावर नुसतं ‘प्रवासास योग्य’ नको

हृदयरुग्ण ज्येष्ठांच्या लांबच्या यात्रेसाठी दाखला घेताना डॉक्टरांकडून अटीही लिहून घ्या. समजा, वय 72, वर्षापूर्वी स्टेंट बसवलेला, हृदय थोडं अशक्त म्हणून लघवीची गोळी चालू. मग दाखल्यात असं हवं: ‘बोलता येईल इतक्याच गतीने सपाट रस्त्यावर चालावे, चढाला वाहन घ्यावे.’

वाटेत सोय नसते म्हणून लघवीची गोळी परस्पर टाळली जाते, आणि तिथेच घात होतो. दोन-तीन दिवसांत वजन 2 किलोने वाढलं किंवा आडवं झाल्यावर दम लागला, तर अंगात पाणी साचतंय असं समजा. अशा वेळी यात्रा थांबवून डॉक्टर गाठायचा, हीसुद्धा अटच. छातीत दुखलं तर जिभेखालची गोळी बसूनच घ्यायची. पाच मिनिटांत आराम नाही पडला तर थेट रुग्णालय.